तात्या तात्या, आज काय गार? सोळा सेकंदांच्या एका जिंगलचं प्रकरण

सांगलीत आमच्या घरापासून चार चौक सोडून एक आईस्क्रीमचं दुकान आहे. पाटीवरचं नाव लांबलचक. त्यात एक देव आहे, एक 'अँड' आहे आणि शेवटी 'पार्लर'. ते नाव मी इथे देत नाही, आणि दिलं असतं तरी आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना ओळख पटली नसती. मोठी माणसं 'तात्यांचं दुकान' म्हणतात, पोरं नुसतं 'तात्या'. ज्या तात्यांनी लाकडी बादलीत बर्फ आणि जाडं मीठ भरून, हाताने पॉट फिरवून दुकान सुरू केलं, ते जाऊन बरीच वर्षं झाली. आता गल्ल्यावर त्यांचा मुलगा बसतो. त्याला सगळे अण्णा म्हणतात.

मी दुकानांच्या पाट्या, पत्रकं आणि रिक्षावरून ओरडायचा मजकूर लिहून देते. जानेवारीच्या शेवटी अण्णांनी बोलावलं. उन्हाळ्याच्या तोंडावर रेडिओवर 20 सेकंदांचा स्पॉट लावायचा होता आणि तेच गाणं माल पोचवणाऱ्या टेम्पोवरही वाजवायचं होतं.

"ताई, पोरं म्हणत फिरली पाहिजेत. बाकी मला त्यातलं काय कळत नाही," अण्णा म्हणाले. आणि मग 'बाकी'ची यादी खिशातून काढली. शुद्ध दूध. सीताफळ. 32 प्रकार. एसी फॅमिली हॉल. लग्नाच्या ऑर्डरी. पार्किंग. मोबाइल नंबर, दोनदा. शेवटी त्यांच्या मिसेसनी पेनाने वाढवलेलं: 'बसायला पंखा'.

20 सेकंदांत माणूस सावकाश बोलला तर साधारण चाळीस शब्द बोलतो. गाण्यात त्याहून कमी मावतात. पोराच्या तोंडी राहायचं असेल तर वीसच्या आत यावं लागतं. अण्णांच्या यादीतला फक्त मोबाइल नंबर म्हणायलाच पाच सेकंद गेले असते. मी यादी घडी करून पर्समध्ये ठेवली, ती अजून तिथेच आहे.

पहिला खर्डा, आणि तो का पडला

पहिला खर्डा लिहायला मला एक संध्याकाळ लागली आणि लिहून झाल्यावर मी स्वतःवर बेहद्द खूश होते:

शीतल सुगंधी सायीची चव,
स्नेहाचा गोडवा, नवा अनुभव!

अण्णांना आवडला. त्यांच्या मिसेसना आवडला. मोठ्यांना आवडलेली जिंगल पोरांच्या तोंडी बसेलच असं नाही हे मला माहीत होतं, पण स्वतःच्या ओळी असल्या की ते विसरायला होतं.

आमच्या वाड्यात संध्याकाळी नऊ पोरं खेळायला जमतात, सर्वांत लहान चार वर्षांचं आणि सर्वांत मोठी दहा वर्षांची. त्यांच्यावर मी नेहमी करते तसा प्रयोग केला. त्याची रीत साधी आहे. 'तुम्हाला गाणं शिकवते' असं म्हणायचं नाही. पायरीवर बसून भाजी निवडता निवडता तीनदा म्हणायचं आणि गप्प बसायचं. 'आवडलं का' हे कधीही विचारायचं नाही, कारण पोरं मोठ्यांचं मन राखायला 'हो' म्हणतात. अर्ध्या तासाने खेळताना कुणी काही गुणगुणतंय का ते ऐकायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा ऐकायचं आणि जे उरलं असेल ते चुकांसकट लिहून घ्यायचं.

पहिल्या खर्ड्यातलं अर्ध्या तासाने काहीच उरलं नव्हतं. दहा वर्षांच्या पोरीने म्हणून पाहिलं, 'शीतल सुगंधी' तिसऱ्यांदा 'सीतल शुगंधी' झालं आणि तिने नाद सोडला. श आणि स ही जोडी मोठ्यांच्या कानाला अनुप्रास वाटते. चार-पाच वर्षांच्या कित्येक पोरांना श अजून नीट यायचा असतो, त्यांना तो खड्ड्यांचा रस्ता वाटतो. पण खरी अडचण उच्चाराची नव्हती. सबंध दोन ओळींत कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पोराला काय करायला मिळणार होतं? हाक मारायला कुणी नाही, उत्तर द्यायला प्रश्न नाही, हाताला काम नाही. 'नवा अनुभव' ही गोष्ट सहा वर्षांच्या मुलाने कुणाला आणि कशाला सांगायची!

टाळ्या मोजणं

दुसऱ्या दिवशी मी कागद बाजूला ठेवला आणि टाळ्या वाजवायला बसले.

'ये रे ये रे पावसा' टाळ्यांवर म्हणून पाहा. 'ये', 'रे', 'ये', 'रे' अशा चार टाळ्या पडतात. मग 'पा', 'व', 'सा' अशा तीन, आणि चौथी टाळी रिकामी. त्या रिकाम्या टाळीत पोर श्वास घेतं, उडी मारतं किंवा नुसतं हसतं. मराठी पोरांच्या तोंडातल्या कितीतरी गाण्यांचा सांगाडा हाच आहे: चार भरलेल्या, तीन भरलेल्या, एक मोकळी. तो कुणी शिकवत नाही, आज्जीच्या मांडीवर अंगात भिनतो. नवीन शब्द या सांगाड्यात टाकले की पोराला चाल शिकावी लागत नाही, ती त्याच्याकडे आधीच असते. चाल म्हणजे इथे सूर नव्हे, ताल. सूर मी नंतर नवाच लावून घेतला.

आता या सांगाड्यात दुकानाचं नाव बसवायचं. पाटीवरचं नाव बसवायला तीन वेळा श्वास घ्यावा लागला असता. 'तात्या' मात्र दोन गुरू अक्षरं, दोन टाळ्या. दोनदा हाक मारली की चार टाळ्या भरल्या. पोरं दुकानात शिरताना तेच ओरडत होती, मी फक्त उचललं:

तात्या तात्या, आज काय गार?

दुसरा अर्धा भाग पुस्तकी मात्रांनी मोजला तर फसायला होतं. आ-ज, का-य, गा-र, प्रत्येकी तीन मात्रा, म्हणजे नऊ, आणि आपल्याला हव्यात आठ. पण मराठी माणूस शेवटचा अ गिळतो. आपण 'आज्', 'काय्', 'गार्' म्हणतो, एकेक टाळीचे तीन घट्ट शब्द. नंतर चौथी टाळी मोकळी. कवितेच्या वहीत बसणारी ओळ आणि अंगणात बसणारी ओळ यांच्यात हा फरक कायम पडतो. म्हणून जिंगल लिहिताना मी मात्रा मोजत नाही, टाळ्या मोजते.

वाड्यात म्हटलं तर सहा वर्षांच्या पोराने त्या मोकळ्या टाळीत आपणहून ओरडून सांगितलं, "चॉकलेट!" मला हवं होतं ते सापडलं होतं. ओळ विचारत होती आणि पोर उत्तर देत होतं.

उत्तराची ओळ मी फळांची केली, कारण तात्यांकडची फळांची आईस्क्रीमंच नावाजलेली आहेत. पेरूच्या आईस्क्रीमवर ते तिखट-मीठ भुरभुरवून देतात, त्यासाठी लोक गावाच्या दुसऱ्या टोकाहून येतात.

पेरू, चिक्कू, आणखी चार!

'पे', 'रू', 'चिक्', 'कू' या चार टाळ्या, 'आण', 'खी', 'चार' या तीन. व्याकरणाच्या पुस्तकात 'चिकू' लिहा, पण बाजारात सगळे 'चिक्कू' म्हणतात आणि टाळीही चिक्कूवरच पडते. 'आणखी चार'मुळे अण्णांच्या 32 प्रकारांचा प्रश्न मिटला. आकडा सांगायची गरजच उरली नाही.

सीताफळाचा हट्ट

अण्णा ऐकून गप्प बसले. मग म्हणाले, "सगळं बरोबर आहे. पण सीताफळ कुठाय?"

मुद्दा रास्त होता. सीताफळ त्यांचं सर्वांत जास्त खपतं. मी दोन दिवस झटापट केली. 'सी-ता-फळ' तीन टाळ्यांत बसतं, पण त्या जागी 'गार'शी जुळणारा शब्द लागतो आणि 'फळ' काही 'गार'शी जुळत नाही. पहिल्या चार टाळ्यांत टाकलं तर सोबतच्या फळाला एकच टाळी उरते. एका टाळीचं फळ मला सापडलं नाही. सापडलं असेल तर कळवा, अण्णांना सांगते.

शिवाय पुढच्या दोन ओळी तयार झाल्या होत्या आणि तिथे सीताफळाने वेगळीच पंचाईत केली असती:

अर्धा तुला, अर्धा मला,
विरघळला रे विरघळला!

'अर्धा', 'विरघळला' ही पुल्लिंगी रूपं आहेत. आईस्क्रीम नपुंसकलिंगी, म्हणजे खरं तर 'अर्धं' आणि 'विरघळलं' पाहिजे. पण इथे पोर आईस्क्रीमविषयी बोलत नाही, पेरूविषयी बोलतं. पेरू तो, चिक्कू तो, आंबा तो, काजू तो. सीताफळ ते. सीताफळ आलं की 'अर्धं तुला' म्हणावं लागतं आणि 'मला'चं यमक लटकं पडतं. म्हणजे फळाची जागा मोकळी असली तरी तिथे कुणालाही बसता येत नाही. फळ दोन टाळ्यांचं हवं आणि पुरुष हवं. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं. शेवटी सीताफळ रेडिओ स्पॉटच्या बोलक्या भागात गेलं: गाणं संपल्यावर बाईचा आवाज पाटीवरचं नाव, चौकाची खूण आणि 'सीताफळ आहे हं' एवढंच सांगतो. चारही ओळी मिळून 32 टाळ्या होतात. पोरं सेकंदाला साधारण दोन टाळ्या वाजवतात, म्हणजे गाण्याला 16 सेकंद आणि बोलण्याला 4.

'अर्धा तुला, अर्धा मला' ही ओळ सर्वांत आधी उचलली गेली, आणि तेही तोंडाने नव्हे. 'तुला' म्हणताना हात समोरच्याकडे आणि 'मला' म्हणताना स्वतःच्या छातीवर, हे नऊही पोरांनी न सांगता केलं. सर्वांत लहान चार वर्षांच्याला शब्द आठवत नव्हते, तो नुसते हात करत होता आणि 'ला' म्हणत होता. चालेल. हात करणारं पोर आठवड्याने शब्दही म्हणायला लागतं.

'विरघळला'बद्दल मला भीती होती. र, घ, ळ, ल इतकी वळणं एका शब्दात. बोबडी पोरं 'विलघलला' म्हणणार हे दिसतच होतं. शीतल-सुगंधीला जो दोष लागला तोच इथेही लागायला हवा होता. लागला नाही, उलट तोच शब्द पोरांचा सगळ्यांत लाडका झाला. मला वाटतं फरक एवढाच की इथे अवघड शब्द एकच होता, तो शेवटी होता आणि त्याच्यानंतर मोकळी टाळी होती. पडलं तरी पडायला जागा होती. जीभ घसरली की पोरं खिदळायची आणि पुन्हा म्हणायची. अवघड शब्द दर पावलाला असेल तर खेळ थांबतो. एखादाच असेल तर तोच खेळ होतो.

आमच्या शेजारच्या निवृत्त मराठीच्या बाईंनी अंगणात थांबून मला सुनावलं, "साखर विरघळते. आईस्क्रीम वितळतं." बाईंचं शंभर टक्के बरोबर. पण 'वितळला' म्हणून पाहा: 'वि' हलका, मग 'तळ', मग 'ला', टाळी लंगडते. 'विर', 'घळ', 'ला' मात्र तीन सरळ पायऱ्या. आणि सांगलीत कोपरापर्यंत ओघळ आलेलं कुठलं पोर 'वितळलं' म्हणतं? मी बाईंना नमस्कार केला आणि शब्द ठेवला.

जे लिहून खोडलं

शेवटची ओळ आधी 'तात्यांकडे चला चला' होती. 'मला' आणि 'चला' असं आयतं यमक, आणि अण्णांना हवं तसं थेट आमंत्रण. ती मी खोडली. 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या जाहिरातींबाबत जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत मुलांसाठीच्या जाहिरातींवर वेगळा भाग आहे. मुलांना थेट 'घ्या' म्हणून उद्युक्त करणं किंवा आईबापांकडे हट्ट करायला लावणं त्यात बसत नाही. एका गल्लीतल्या दुकानाला कोण विचारायला येणार, हे अण्णांचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. पण ओळ म्हणूनही ती पडेलच होती. 'चला चला' मोठा माणूस म्हणतो. पोर ते स्वतःच्या तोंडाने म्हणायला लागलं की जाहिरातीचा एजंट वाटतं. 'विरघळला' ही तक्रार आहे, आणि तक्रार करायला पोरांना शिकवावं लागत नाही.

'शुद्ध दूध'ही गेलं, त्याला कारण वेगळं. दुकानात बनतं ते दुधाचंच आहे, मी मागे जाऊन आटवायची कढई बघून आले. पण फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात बाहेरून आणलेल्या चॉकलेटच्या कांड्या होत्या आणि त्यांच्या वेष्टनावर 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलेलं होतं. आपल्याकडे ज्याला आईस्क्रीम म्हणून विकायचं, त्यात दुधाची स्निग्धता निदान 10 टक्के लागते. वनस्पती तेलाचं असेल तर त्याला फ्रोझन डेझर्ट म्हणावं लागतं. 'सगळं दुधाचं' असं गाण्यात म्हटलं असतं तर खालच्या कप्प्यापुरतं ते खोटं ठरलं असतं. अण्णांनी झाकण उघडून ते वेष्टन स्वतः वाचलं. "आयला," एवढंच म्हणाले.

मोकळी टाळी स्टुडिओत हरवली

मिरजेत एका ओळखीच्या मुलाने घरातच रेकॉर्डिंगची खोली केली आहे. सूर पाचच ठेवायचे हे आधीच ठरवलं होतं, सा ते प, म्हणजे पोरांना ओरडल्याशिवाय म्हणता येतं. गायलं एका कॉलेजच्या मुलीने. गळा गोड, शिकलेला. आणि तिथेच गडबड झाली. 'गार'वर तिने छोटीशी मुरकी घेतली आणि कीबोर्डवाल्याने मोकळ्या टाळीत सुरांची एक सर सोडली. ऐकायला फार छान वाटलं. अण्णा तर डोलले.

मी ते मोबाइलवर घेऊन वाड्यात वाजवलं. पोरं ऐकत उभी राहिली. ऐकत उभी! आदल्या आठवड्यात हीच पोरं 'गार'नंतर टाळी हाणून 'चॉकलेट' ओरडत होती. आता तिथे कीबोर्ड बोलत होता, त्यांना बोलायला जागाच नव्हती. गाणं सुधारलं तसं ते पोरांच्या हातून सुटलं.

दुसऱ्या दिवशी जाऊन ती सर काढायला लावली. मुरकीही काढली. 'गार'चा र तोडून थांबायचं आणि पुढे खंजिरीची एकच थाप. कीबोर्डवाल्याला ते रिकामं वाटत होतं. "ताई, तिथे काहीतरी राहिलंय असं वाटतं हो," तो तीनदा म्हणाला. राहिलंच होतं, मुद्दाम ठेवलं होतं.

बाई बाई, आज काय मार

फेब्रुवारीच्या मध्यावर स्पॉट सुरू झाला. टेम्पोचा भोंगा मात्र चारच दिवस टिकला, कारण ड्रायव्हर शाळेसमोरून वाजवत गेला. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार शाळा-दवाखान्याभोवतीचा 100 मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, आणि लाउडस्पीकरला मुळातच लेखी परवानगी लागते. ती कुणी काढली नव्हती. भोंगा उतरवला. फरक पडला नाही, कारण तोवर गाणं पोरांच्या तोंडी गेलं होतं.

तीन आठवड्यांनी अण्णांचा फोन आला. आवाज पडलेला. त्यांचा नातू चौथीत आहे, तो घरी येऊन हे म्हणत होता:

बाई बाई, आज काय मार?
हिंदी, गणित, आणखी चार!
अर्धा तुला, अर्धा मला,
विरघळला रे विरघळला!

"ताई, आपलं नावच गेलं की यातनं," अण्णा म्हणाले.

मी आधी हसले आणि मग खाली बसले. यमकाची शब्दयादी मी लिहिण्याआधीच काढली होती. 'गार'ला काय काय जुळतं: फार, चार, मार, आजार. 'आजार' येऊ नये याची मला काळजी होती, कारण आईस्क्रीम आणि खोकला ही जोडी प्रत्येक आईच्या मनात तयार असते. म्हणून 'गार' एकदाच ठेवला होता आणि लगेच 'चार'ने दार बंद केलं होतं. पण 'मार'कडे मी दुर्लक्ष केलं. त्याहून मोठी चूक नावाच्या जागेची होती. 'तात्या तात्या' ही हाक आहे, आणि हाकेतलं नाव बदलणं सगळ्यांत सोपं. दोन टाळ्यांचं कुणीही तिथे बसतं: बाई, आई, दादा, काका. मी नाव सर्वांत मोक्याच्या ठिकाणी ठेवलं असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात ते दाराबाहेर पायपुसण्यावर ठेवलं होतं. आणि एकदा पहिली ओळ गेली की बाकी तीन ओळींत दुकानाचा मागमूस नव्हता. गाणं पोरांचं झालं, दुकानाचं राहिलं नाही.

विडंबन वाईट असं मी मानत नाही. पोरांनी 'आणखी चार' आणि तुला-मला जसंच्या तसं ठेवलं, याचा अर्थ सांगाडा पक्का होता. पण अण्णांनी पैसे सांगाड्याचे दिले नव्हते. (किती दिले? तीन हजार आणि एक फॅमिली पॅक. "चार ओळींचे?" असं एकदा विचारून झालं होतं, म्हणून ही दुरुस्ती मी फुकट केली.)

पहिली ओळ बदलायची नाही हे नक्की होतं, तीच सगळ्यांना येत होती. 'विरघळला'ही हलवायचा नव्हता. म्हणजे जागा उरली ती 'विरघळला'च्या आधीच्या चार टाळ्यांची. तिथे मी त्याच शब्दाची पुनरुक्ती करून जागा फुकट घालवली होती. एप्रिलमध्ये आंब्याची आवृत्ती रेकॉर्ड करायचीच होती, तेव्हा गाणं असं झालं:

तात्या तात्या, आज काय गार?
आंबा, काजू, आणखी चार!
अर्धा तुला, अर्धा मला,
तात्या, आंबा विरघळला!

'ता', 'त्या', 'आं', 'बा', 'विर', 'घळ', 'ला', आणि मोकळी टाळी. एकही टाळी वाढली नाही. पण आता कोण विरघळला ते कळतं, तक्रार कुणाकडे ते कळतं, आणि पहिल्या ओळीत ज्याला हाक मारली त्याच्याशीच शेवटी बोलणं संपतं. एवढी साधी ओळ मला आधी का सुचली नाही याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते सांगण्यासारखं नाही: 'रे'च्या गोडव्यात अडकले होते.

विडंबन थांबलं का? नाही. पोरांनी आठवड्यात 'बाई, फळा विरघळला' केलं. मात्र वाड्यातल्या नऊ पोरांकडून दुसऱ्या दिवशी जे ऐकून मी लिहून घेतलं, त्यात फरक होता. आधी शाळेचं गाणं तात्यांच्या गाण्यावर चढून बसलं होतं. आता दोन वेगळी गाणी झाली: शाळेच्या वाटेवर बाईंचं आणि दुकानाच्या वाटेवर तात्यांचं. याहून जास्त काही चार ओळींकडून होईल असं मला वाटत नाही. नऊ पोरांवरून मी गावाचा अंदाज बांधत नाही, आणि विक्री वाढली ती उन्हाने की गाण्याने हे अण्णांच्या गल्ल्यालाही सांगता येणार नाही.

मे महिन्यात एकदा संध्याकाळी दुकानात गेले होते. काउंटरपाशी पाचेक वर्षांचं पोर, हातात आंब्याचा कोन, कोपरावरून पिवळा ओघळ. त्याने मान वर करून अण्णांकडे पाहिलं आणि तालात, टाळीच्या जागी पाय आपटून म्हणालं, "तात्या, आंबा विलघलला!"

आतल्या खुर्चीत अण्णांची म्हातारी आई वाटाणे सोलत बसली होती. तिने वर पाहिलं. जन्मभर 'अण्णा' ऐकलेल्या अण्णांनी टिश्यूचा गठ्ठा ओढला आणि म्हणाले, "आलो, आलो."